तिन्ही रीडिंग्ज जुळतात, तरी सी.बी.आर. कमी: व्हिडिओवरून ब्युरेट वाचताना

प्रश्न: मॅडम, मी अकरावीत आहे, दादरला. आजारपणात प्रॅक्टिकल बुडलं म्हणून सरांनी टायट्रेशनचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दिला. १० मिली ०.०५ मोलार ऑक्झॅलिक ॲसिड, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन. फोन ब्युरेटपासून फूटभर लांब, साधारण १५ च्या खुणेसमोर, एकाच जागी ठेवलाय. फ्लास्क दुसऱ्या फोनने घेऊन शेजारच्या चौकटीत लावलाय. ब्युरेट एकदाच भरून तीन वेळा टायट्रेशन केलंय. सर म्हणतात "झिरोला सेट केलंय", पण मला ०.२ दिसतं. पुढची रीडिंग्ज ९.९, १९.५, २९.१. म्हणजे माझं ९.७, ९.६, ९.६. सरांचं सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८ आहे. माझी रीडिंग्ज जुळतात तर मी चुकले कुठे? आणि गुलाबी रंग नेमका कधी आला हेही मला ठरवता येत नाही.

उत्तर:

तू चुकली नाहीस. फोनला जे दिसलं ते तू बरोबर वाचलंस. चूक फोन ठेवण्यात आहे, आणि तुझ्याच आकड्यांतून ती शोधून काढता येते. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य "सर म्हणतात झिरो, मला ०.२ दिसतं" हे आहे. बहुतेक मुलं तिथे डोळे झाकून ०.० लिहितात.

ब्युरेट हातात असती तर तू काय केलं असतंस? पातळी वर असताना स्टुलावर चढली असतीस, खाली आल्यावर वाकली असतीस. म्हणजे प्रत्येक रीडिंगला डोळा मेनिस्कसच्या बरोबरीत नेला असतास. स्टँडवरचा फोन ना चढतो ना वाकतो. पातळी मात्र पहिल्या रीडिंगपासून शेवटच्या रीडिंगपर्यंत तीस सेंटीमीटर खाली येते, कारण ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये एक मिली म्हणजे साधारण एक सेंटीमीटर, किंचित जास्तच.

आता खुणा असतात काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, समोर. मेनिस्कसचा तळ असतो नळीच्या मधोमध, म्हणजे खुणांच्या मागे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. नजर सरळ असेल तर या अंतराने काही बिघडत नाही. फोन पातळीच्या वर असेल, तर नजर तिरकी खाली जाते आणि काचेतून आत शिरताना मेनिस्कसपेक्षा वरची खूण ओलांडते. ब्युरेटवर वरचा आकडा लहान असतो, म्हणून रीडिंग कमी येतं. फोन पातळीच्या खाली असेल तर उलट, रीडिंग जास्त येतं. (मोजपात्रात आकडे खालून वर वाढतात, त्यामुळे तिथे हा नियम उलटा होतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी हमखास विचारते.)

हे तुझ्या आकड्यांना लावून बघ. फोन १५ च्या खुणेसमोर आहे. सुरुवातीची पातळी फोनच्या बरीच वर, म्हणून खऱ्या ०.० चं तुला ०.२ दिसलं. ९.८ ची पातळीही फोनच्या वरच, पण जवळ, म्हणून ती ९.९ दिसली. १९.६ फोनच्या थोडी खाली, ती १९.५ दिसली. २९.४ बरीच खाली, ती २९.१ दिसली. एकच ब्युरेट, एकच फोन, आणि चूक जास्तीच्या बाजूने सुरू होऊन सरकत सरकत कमीच्या बाजूला गेली.

इथेच गंमत आहे. पातळी जितकी खाली जाते तितकी चूक त्याच प्रमाणात बदलत जाते. त्यामुळे ब्युरेटचा कुठलाही तुकडा घे, त्याची लांबी जवळपास ठरावीक प्रमाणात आखूड दिसते. ते प्रमाण म्हणजे खूण ते मध्य हे अंतर भागिले खूण ते फोन हे अंतर. तुझ्या बाबतीत ६.५ भागिले ३००, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त. ९.८ चे दोन टक्के म्हणजे ०.२. म्हणून तिन्ही वेळा ९.६ च्या आसपासच आलं. पहिल्या वेळी ९.७ दिसलं त्याचं एक कारण असं की फोनच्या वरची पातळी खालून बघताना नजर द्रवातून जाते, ती थोडी वळते आणि चूक जराशी कमी होते. बाकी तू दशांशाचं एकच स्थान वाचतेस, त्याचा फरक.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, फोन वर ठेवला काय की खाली ठेवला काय, दोन रीडिंगमधला फरक फारसा सुधारत नाही. फोन मागे नेला तरच सुधारतो. फूटभरावरून दोन टक्के, दोन फुटांवरून एक टक्का, पाच फुटांवरून अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. दुसरी गोष्ट जास्त फसवी. आपण मुलांना शिकवतो की लागोपाठ रीडिंग्ज जुळली की सी.बी.आर. पक्कं. हाताची चूक असेल तर रीडिंग्ज विस्कटतात, म्हणून ती कसोटी चालते. इथली चूक प्रत्येक वेळी सारखीच होते, त्यामुळे रीडिंग्ज छान जुळतात आणि तिन्ही चुकीची असतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २०२० मध्ये कॉलेजं बंद होती तेव्हा रिकाम्या लॅबमध्ये जाऊन मीच असे व्हिडिओ काढले होते. सगळ्या वर्गाचं सोडियम हायड्रॉक्साइड माझ्या किमतीपेक्षा दोन टक्के तीव्र निघालं. आधी मुलांनी एकमेकांची जर्नल्स उतरवली असा संशय घेतला. मग बाटलीवर संशय घेतला, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला असेल म्हणून. पण त्याने तीव्रता वाढायची नाही, उलट कमी भरायची. शेवटी ब्युरेटसमोर स्वतः उभी राहून वाचलं तेव्हा कळलं की मुलं बरोबर होती आणि माझा फोन फार जवळ होता. तुझ्या उदाहरणातही तेच आहे. ९.८ मिलीने तीव्रता येते ०.१०२ मोलार, ९.६ ने येते ०.१०४.

व्हिडिओ तर आता झालाय. मग त्यातून खरं रीडिंग काढायचं कसं?

ब्युरेटवर पूर्ण मिलीच्या खुणा नळीला गोल वेढा घालणाऱ्या आहेत का बघ. चांगल्या ब्युरेटवर असतात. स्वस्त ब्युरेटवर आखूड रेघा असतात. वेढा असेल तर तुझं काम सोपं आहे. फोनच्या उंचीवरचा वेढा एका सरळ रेषेसारखा दिसेल. त्याच्या वर-खाली गेलीस की समोरची कड आणि मागची कड वेगळी दिसू लागेल, बांगडी तिरकी धरल्यासारखी. या दोन कडांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे नळीच्या मध्यावर ती खूण जिथे पडली असती ती जागा. मेनिस्कसचा तळही मध्यावरच असतो. म्हणून समोरच्या रेघेशी तुलना न करता, मेनिस्कसच्या लगेच वरच्या वेढ्याच्या दोन कडांचा मध्य घे आणि तिथून खाली मोज. वरचाच वेढा घ्यायचा, कारण तिथे नळी रिकामी आहे. खालच्या वेढ्याची मागची कड द्रवातून दिसते आणि जागची हललेली असते. तुझ्या शेवटच्या रीडिंगला हे करून बघ, २९ चा वेढा वापरून. २९.१ चं २९.४ व्हायला हवं.

वेढा नसेल तर अंतरावरून दुरुस्ती कर. ९.६ ला १.०२ ने गुण, ९.८ येतं. फोनचं अंतर सरांना विचार. अंदाजाने "फूटभर" म्हणणं आणि मोजलेले तीस सेंटीमीटर यांत फरक असतो.

आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आला असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागून घे. फुल एचडीच्या उभ्या व्हिडिओत चाळीस सेंटीमीटर ब्युरेट मावली असेल, तर ०.१ मिलीच्या वाट्याला पाचच पिक्सेल येतात. त्यात अर्ध्या भागाचा, म्हणजे ०.०५ चा अंदाज जेमतेम घेता येतो. दाबलेल्या व्हिडिओत दोनच पिक्सेल उरतात. तिथे मेनिस्कसचा तळ म्हणजे एक करडा ठिपका, तो कुठल्या रेघेवर आहे हे आपण आपल्या मनानेच ठरवतो. व्हिडिओ बघताना झूम केल्याने ठिपका मोठा होतो, माहिती वाढत नाही.

आता रंगाकडे.

फिनॉल्फ्थॅलीन साधारण ८.२ पीएचच्या खाली रंगहीन असतं आणि तिथून वर गुलाबी होऊ लागतं. एंड पॉइंट म्हणजे अगदी फिकट गुलाबी, ढवळल्यावरही साधारण तीस सेकंद टिकणारा. समोर पांढऱ्या टाइलवर फ्लास्क असेल तर डोळ्याला ही छटा सहज कळते. फोनला कळत नाही, किंवा खरं सांगायचं तर कळून तो पुसून टाकतो. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स चित्रातली गुलाबी झाक बघतो आणि ती दिव्याची असावी असं समजून चित्र हिरवटाकडे ढकलतो. फ्लास्कने चौकट जितकी भरलेली, तितकं हे जास्त. शिवाय व्हिडिओमध्ये उजेड-अंधार बारकाईने साठवला जातो, रंग मात्र ठोकळ. त्यामुळे थेंब पडतो तिथे उमटणारी गुलाबी रेघ प्रत्यक्षात ठळक असते आणि व्हिडिओत विरते. एकूण परिणाम हा की व्हिडिओ बघणाऱ्याला रंग एकदोन थेंब उशिरा दिसतो. ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिली, म्हणजे दोन थेंबांत ०.१ गेलं.

मुंबईत जुलैत काढलेला व्हिडिओ असेल तर आणखी एक भानगड. खिडकीतून येणारा उजेड ढगाबरोबर बदलतो, आत ट्यूबलाइट असते, आणि फोन दोन्हींच्या मध्ये गोंधळतो. मी एका व्हिडिओत एंड पॉइंटच्या आधीच फ्लास्क गुलाबी झालेला पाहिलाय. नीट बघितलं तर टाइलही गुलाबी होती.

म्हणून नियम एकच ठेव: फ्लास्क एकटा बघू नकोस, फ्लास्क आणि टाइल यांची तुलना कर. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ थांबवून `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. थेंब पडण्याआधीची एक फ्रेम आणि थेंब पडून, ढवळून, द्रव स्थिर झाल्यानंतरची एक, अशा दोन फ्रेमचे स्क्रीनशॉट घे. कुठल्याही चित्र-ॲपमधल्या कलर पिकरने दोन्हींमध्ये टाइलचा आणि फ्लास्कच्या मधल्या द्रवाचा रंग उचल. गुलाबी वाढला की लालच्या तुलनेत हिरवा आकडा उतरतो, म्हणून हिरवा भागिले लाल कर. द्रवाच्या भागाकाराला टाइलच्या भागाकाराने भाग, म्हणजे कॅमेऱ्याची लबाडी बरीचशी कापली जाते.

माझ्या एका व्हिडिओतलं बघ. आधीच्या फ्रेममध्ये टाइल लाल २१२, हिरवा २१०; द्रव लाल १८९, हिरवा १८६. उत्तर ०.९९, म्हणजे द्रव टाइलइतकाच बिनरंगी. थेंबानंतर टाइल लाल २०५, हिरवा १९६. द्रव लाल १९२, हिरवा १७२. टाइलही थोडी गुलाबीकडे सरकली आहे, नुसत्या डोळ्यांनी हे लक्षात आलं नसतं. तिला भागून उत्तर आलं ०.९४. म्हणजे द्रवात खरोखर रंग आलाय. नेमका कितीला एंड पॉइंट म्हणायचं असा ठरावीक आकडा नाही, तो उजेडावर आणि इंडिकेटरच्या थेंबांवर बदलतो. एकाच व्हिडिओत तो एका जागी अचानक उतरतो का, आणि उतरलेला राहतो का, हे बघायचं.

"राहतो का" यावर जोर आहे. एंड पॉइंटच्या आधी थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि ढवळलं की जातो. एंड पॉइंट जवळ आला की तो जायला वेळ लागू लागतो. रंग टिकला की घड्याळ लाव. तीस सेकंदांनी, मिनिटाने तो फिका पडला तर घाबरू नकोस, हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रवात विरघळून पीएच खाली आणतो. पण रंग आल्यावर पाच सेकंदांत व्हिडिओ कापला असेल, तर त्या टायट्रेशनचा एंड पॉइंट तपासता येत नाही. संपादन करताना लोक नेमका हाच "कंटाळवाणा" भाग कापतात. तसं असेल तर जर्नलमध्ये तसं लिही.

रंग आल्याची फ्रेम सापडली की त्याच क्षणीची ब्युरेट वाचायची, असं वाटतं ना? ते करू नकोस. दोन फोनचे दोन तुकडे एकत्र लावले की ते सेकंद-दीड सेकंद मागेपुढे असू शकतात. दोन्ही चौकटींत दिसणारी एखादी घटना शोध. फ्लास्कच्या चौकटीत थेंब आदळतो, ब्युरेटच्या चौकटीत सरांचा हात स्टॉपकॉकवरून उठतो, यातून ताळमेळ लाव. आणि वाचायचं ते स्टॉपकॉक बंद झाल्यावर, पातळी स्थिर झाल्यावर, पुढचा थेंब पडण्याआधी. धार चालू असताना काचेला चिकटलेला थर मागून खाली उतरत असतो, त्यामुळे लगेच वाचलं तर पातळी खरीपेक्षा खाली दिसते. अर्ध्या मिनिटाने ती किंचित वर येते. टोकाला थेंब लोंबकळत असेल तर तो ब्युरेटमधून गेलाय पण फ्लास्कमध्ये पोचलेला नाही, हेही बघ.

व्हिडिओचा एक फायदा मात्र प्रत्यक्ष लॅबमध्ये कधीच मिळत नाही: मागे जाता येतं. सरांच्या एखाद्या टायट्रेशनमध्ये शेवटी रंग गडद राणी झालेला दिसला तर एंड पॉइंट ओलांडला गेलाय. लॅबमध्ये ते फेकून पुन्हा करावं लागतं. तू मागे जाऊन रंग पहिल्यांदा टिकला तो थेंब शोध, आणि त्यानंतर किती थेंब पडले ते मोज. थेंब ०.०५ चाच असं धरू नकोस. त्याच व्हिडिओत जिथे थेंब-थेंब चालू आहे तिथे १ मिलीत किती थेंब पडतात ते मोजून घे. २२ पडले तर एक थेंब ०.०४५. जास्तीचे तीन थेंब म्हणजे ०.१४ मिली वजा.

पुढच्या वर्षी परमँगनेट येईल तेव्हाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण तिथे वरची सगळी भूमिती बदलते. द्रव गडद असल्याने आपण वरची कड वाचतो, आणि ती कड समोरच्या काचेला चिकटलेली असते. खूण आणि कड यांच्यात फक्त काचेची जाडी, म्हणून तिरकं बघूनही चूक थोडी होते. पण फोन वर असेल तर द्रवाचा पृष्ठभाग गडद लंबगोलासारखा दिसतो, आणि मुलं त्याची वरची कमान वाचतात. ती मागच्या काचेची आहे. समोरची, म्हणजे चित्रात खालची कमान वाचायची.

तुझ्या जर्नलपुरतं सांगायचं तर ०.२, ९.९, १९.५, २९.१ हे खोडू नकोस. ते तुझं निरीक्षण आहे. शेजारी एक रकाना वाढव, फोनचं अंतर लिही, दुरुस्त आकडे लिही. आणि सरांना सांग की पुढच्या वेळी फोन पाच फुटांवर ठेवून झूम करा, फ्लास्कशेजारी तेवढंच पाणी आणि इंडिकेटर घातलेला दुसरा फ्लास्क ठेवा, आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या पांढऱ्या टाइलवर बोट दाबून धरा. आयफोनवर `AE/AF LOCK` अशी अक्षरं दिसतात, त्याने उजेड स्थिर होतो. रंग स्थिर करायचा तर व्हाइट बॅलन्स वेगळा लॉक करता येणारं कॅमेरा-ॲप लागतं.